सिस्टिमॅटिक रिव्ह्यूचा फ्लो डायग्राम कसा वाचावा? वगळलेल्या अभ्यासांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे 2021 मध्ये गोवा सरकारने 18 वर्षांवरच्या सर्वांना आयव्हरमेक्टिनची 12 मिलिग्रॅमची गोळी पाच दिवस देण्याचं जाहीर केलं. कोविड झालेला असो वा नसो, गोळी सर्वांसाठी होती. त्याच वर्षी या औषधावर दोन मोठे सिस्टिमॅटिक रिव्ह्यू आले, म्हणजे ठरलेल्या पद्धतीने सगळे अभ्यास शोधून त्यांचा एकत्र आढावा घेणारे लेख. एकाने मृत्यू बरेच कमी होतात असं म्हटलं, दुसऱ्याने पुरावा इतका कच्चा आहे की काहीच ठरवता येत नाही असं म्हटलं. दोघांचा विषय एकच होता. निकाल वेगळे का आले, याचं बरंचसं उत्तर कोणते अभ्यास आत घेतले आणि कोणते बाहेर ठेवले यात आहे, आणि ही निवड रिव्ह्यूच्या फ्लो डायग्राममध्ये दाखवलेली असते. म्हणून खालच्या उत्तरांत उदाहरण म्हणून आयव्हरमेक्टिनच घेतलं आहे.

डायग्राममध्ये नेमकं काय असतं?

आज बहुतेक रिव्ह्यू प्रिझ्मा 2020 हा नमुना वापरतात. त्यात वरून खाली तीन टप्पे असतात: शोध, छाननी आणि समावेश. 2009 च्या जुन्या नमुन्यात चार टप्पे होते. त्यातली पात्रता तपासण्याची पायरी आता छाननीतच धरतात. मधल्या रांगेतल्या चौकटींत पुढे गेलेले आकडे असतात आणि उजवीकडे फुटणाऱ्या बाणांच्या टोकाला गळालेले. बहुतेक जण थेट तळाच्या चौकटीकडे जातात, किती अभ्यास घेतले ते पाहतात आणि पान उलटतात. वाचण्यासारखं मात्र जास्त उजवीकडेच असतं. तळाचा आकडा ज्या नियमांनी तयार झाला, ते नियम तिथे कामाला लागलेले दिसतात.

नोंद, रिपोर्ट आणि अभ्यास यांत फरक काय? आकडे मध्येच बदलल्यासारखे का वाटतात?

मोजण्याचं एकक मध्येच बदलतं म्हणून. डेटाबेसमध्ये सापडते ती नोंद, म्हणजे शीर्षक, लेखक, सारांश. तिच्यामागचा पूर्ण मजकूर म्हणजे रिपोर्ट. त्यात तज्ज्ञांच्या तपासणीआधीच प्रसिद्ध केलेलं प्रीप्रिंट, जर्नलमधला लेख, परिषदेतला गोषवारा, ट्रायल रजिस्ट्रीतली निकालाची नोंद असं काहीही येऊ शकतं. अभ्यास म्हणजे रुग्णांवर प्रत्यक्ष केलेली चाचणी. एकाच चाचणीचं आधी प्रीप्रिंट येतं, मग लेख, मग वर्षभराच्या पाठपुराव्याचा दुसरा लेख. म्हणजे रिपोर्ट तीन, पण अभ्यास एकच.

ते एकत्र जुळवले नाहीत तर तेच रुग्ण दोनदा मोजले जातात. म्हणून तळाच्या चौकटीत अभ्यास आणि रिपोर्ट असे दोन वेगळे आकडे आहेत का ते पाहा. कोविडच्या काळात एकाच चाचणीचं प्रीप्रिंट आणि लेख दोन्ही फिरत होते. अशा विषयावर दोन्ही आकडे अगदी सारखे आले, तर जुळवणी झाली की नाही हे समाविष्ट अभ्यासांच्या तक्त्यात जाऊन पाहणं बरं.

बेरीज-वजाबाकी जुळते का, हे कसं तपासायचं?

पाच मिनिटांचं काम आहे. खालचे आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत, कोणत्याही प्रत्यक्ष रिव्ह्यूतले नाहीत. चौकटींची नावं मात्र प्रत्यक्ष डायग्राममध्ये दिसतात तशीच आहेत.

```
Records identified             2140
Duplicate records removed       610
Records screened               1530
Records excluded               1432
Reports sought for retrieval     98
Reports not retrieved             6
Reports assessed                 92
Reports excluded                 71
Studies included                 14
Reports of included studies      21
```

2140 मधून 610 गेले, 1530 उरले. त्यातून 1432 वजा केले की 98, त्यातून न मिळालेले 6 वजा केले की 92. 92 मधून 71 वगळले की 21 रिपोर्ट, आणि ते 21 रिपोर्ट 14 अभ्यासांचे. शेवटच्या पायरीला 92 उणे 71 बरोबर 14 होत नाही म्हणून दचकू नका. तिथे रिपोर्टवरून अभ्यासावर उडी आहे.

यानंतर 71 च्या चौकटीतल्या कारणांची बेरीज करा. चूक सर्वात जास्त इथेच सापडते. कारणांची बेरीज 68 येते आणि तीन रिपोर्ट कुठे गेले ते कोणी सांगत नाही. एखाददुसऱ्या आकड्याचा फरक बहुधा गफलत असते. शोध नंतर पुन्हा चालवलेला असतो आणि एक चौकट सुधारायची राहून जाते. फरक मोठा असेल, किंवा डायग्राममधला समाविष्ट अभ्यासांचा आकडा आणि मजकुरातला आकडा वेगळा असेल, तर निवडीची नोंद काटेकोर ठेवलेली नाही असं समजायला हरकत नाही. मग बाकीच्या आकड्यांवर किती विसंबायचं ते तुम्हीच ठरवा.

शीर्षक आणि सारांश पाहून हजारो नोंदी वगळतात, त्यांची कारणं का देत नाहीत?

देण्याची अपेक्षाच नसते. आयव्हरमेक्टिन शोधलं की खरूज, नदीअंधत्व, गुरांचे जंत असं सगळं वर येतं. ते का वगळलं हे एकेक लिहून कोणाचं भलं होणार नाही. इथे दोनच गोष्टी पाहा. छाननी दोघांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे केली होती का, आणि एखादं सॉफ्टवेअर वापरून नोंदी आपोआप बाद केल्या असतील तर त्यांचा आकडा वेगळा दिला आहे का. प्रिझ्मा 2020 मध्ये त्यासाठी वेगळी ओळ आहे.

“Reports not retrieved” म्हणजे काय? त्याचं एवढं काय?

पूर्ण मजकूर मागितला, पण मिळाला नाही. 98 पैकी 2 मिळाले नाहीत तर फारसं बिघडत नाही. 20 मिळाले नाहीत तर मात्र ते कोणते होते हा प्रश्न उभा राहतो. लहान देशी जर्नलांतले लेख आणि जुने प्रबंध यांत हटकून सापडतात. भारतात झालेल्या चाचण्यांच्या बाबतीत ही चौकट आवर्जून पाहावी. लेखकांना ईमेल करून पाहिला का, हे चांगले रिव्ह्यू पद्धतीच्या भागात लिहितात.

पूर्ण मजकूर वाचून वगळण्याची कोणती कारणं ठीक आणि कोणती खटकणारी?

रचना वेगळी, रुग्णगट वेगळा, औषध वेगळं ही कारणं सहसा साधी असतात. प्रश्नच रँडमाइज्ड, म्हणजे रुग्णांना चिठ्ठी टाकल्यासारखं गटांत वाटणाऱ्या चाचण्यांचा असेल तर निरीक्षणात्मक अभ्यास बाहेर जाणार. “चुकीची रचना” याखाली मोठा आकडा दिसला म्हणून संशय घेऊ नये.

खटकायला हवं ते “हवा तो परिणाम मोजलेला नाही” हे कारण. समजा रिव्ह्यू मृत्यूंबद्दल आहे आणि 12 चाचण्या त्यात मृत्यूचा आकडा नाही म्हणून वगळल्या. त्या चाचण्यांत कोणी मेलंच नाही, की मेले पण लेखात लिहिलं नाही, की फरक दिसला नाही म्हणून लेखकांनी तो तक्ताच गाळला? शेवटची शक्यता खरी असेल तर उरलेल्या चाचण्यांत फायदा फुगलेला दिसणार. सिस्टिमॅटिक रिव्ह्यू करणाऱ्या कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या मार्गदर्शिकेनुसार केवळ परिणाम लेखात दिलेला नाही एवढ्यावरून अभ्यास सहसा वगळू नये. तो आत घ्यावा आणि त्याच्याकडून आकडा मिळाला नाही हे दाखवावं. म्हणून हे कारण आणि त्यापुढे मोठा आकडा असं दिसलं, की वगळलेल्यांची यादी उघडा आणि त्यातल्या दोन-तीन चाचण्यांच्या रजिस्ट्री नोंदी पाहा. आधी मृत्यू मोजू असं ठरवलं होतं आणि लेखात तो नाही असं निघालं, तर तुम्हाला खरी गळती सापडली.

“फक्त इंग्रजी” हेही कारण बघून सोडून देऊ नका. “माहिती अपुरी” हे तर कारण म्हणून फारच सोयीचं आहे. त्याखाली काहीही बसतं.

एकच रिपोर्ट तीन कारणांनी नापास होत असेल तर कोणतं कारण लिहितात?

एकच. बहुतेक गट कारणांचा क्रम आधी ठरवतात, उदाहरणार्थ आधी रचना, मग रुग्णगट, मग औषध, मग तुलना. पहिली जी अट मोडते ती लिहितात आणि थांबतात. त्यामुळे “तुलना चुकीची: 17” याचा अर्थ फक्त 17 रिपोर्टमध्येच तुलना चुकीची होती असा होत नाही. यादीत वरच्या अटीवर पडलेल्या रिपोर्टमध्येही ती चुकीची असू शकते. या आकड्यांची टक्केवारी काढून आलेख करणारे प्रबंध दिसतात. त्या आलेखातून गटाने ठरवलेला क्रमच काय तो कळतो.

एकाच औषधावर एका रिव्ह्यूत 24 चाचण्या आणि दुसऱ्यात 14, असं कसं?

इथून उदाहरण नीट पाहू. 2021 मध्ये ‘अमेरिकन जर्नल ऑफ थेरप्युटिक्स’मध्ये आलेल्या रिव्ह्यूत 24 रँडमाइज्ड चाचण्या आणि 3406 रुग्ण होते. मृत्यूसाठी त्यांनी 15 चाचण्या एकत्र केल्या. जोखमीचं गुणोत्तर 0.38 आलं, म्हणजे मृत्यू सरासरी 62 टक्क्यांनी कमी. जुलै 2021 च्या कॉक्रेन रिव्ह्यूत 14 चाचण्या आणि 1678 रुग्ण होते.

कॉक्रेनने एक अट ठेवली होती. आयव्हरमेक्टिनची तुलना उपयोग सिद्ध न झालेल्या दुसऱ्या औषधाशी केलेली असेल, तर चाचणी बाहेर. शिवाय सोबतची औषधं दोन्ही गटांत सारखी हवीत. त्या काळात अनेक चाचण्यांत दुसऱ्या गटाला हायड्रॉक्सिक्लोरोक्विन दिलेलं होतं. आयव्हरमेक्टिनचा गट सरस ठरला तर ते आयव्हरमेक्टिनने झालं की दुसऱ्या औषधाने अपाय केला म्हणून, हे अशा चाचणीतून सांगता येत नाही. अट बिनतोड आहे. आणि निकाल कोणत्या बाजूला झुकतो याच्याशी तिचा संबंध नाही.

त्या अटीचा एक परिणाम लक्षात ठेवण्यासारखा आहे. इजिप्तमधल्या बेन्हा विद्यापीठातून आलेलं एक प्रीप्रिंट तेव्हा खूप गाजत होतं. त्यात मृत्यूंमधली घट प्रचंड होती आणि 24 चाचण्यांच्या रिव्ह्यूत ते आत होतं. कॉक्रेनने ते घेतलं नव्हतं, कारण तुलना हायड्रॉक्सिक्लोरोक्विनशी होती. जुलै 2021 मध्ये ते प्रीप्रिंट मागे घेण्यात आलं. मजकुराची उचलेगिरी आणि मूळ आकड्यांतली विसंगती असे आक्षेप त्यावर होते. नोंदवलेले काही मृत्यू तर अभ्यास सुरू होण्याच्या आधीच्या तारखांचे निघाले. कॉक्रेनच्या गटाला ही गडबड आधी कळली होती असं नाही. साध्या, आधी लिहून ठेवलेल्या अटीने ते बाहेर ठेवलं होतं.

मग त्या 14 चाचण्यांवर तरी विसंबायचं का?

तोच प्रश्न कॉक्रेनच्या गटाला पडला. जून 2022 च्या सुधारित आवृत्तीत आधीच्या 14 पैकी 7 चाचण्या त्यांनी काढून टाकल्या. सहांची आगाऊ नोंदणी झालेली नव्हती आणि एक मुळात रँडमाइज्डच नव्हती. नव्या आवृत्तीत एकूण 11 चाचण्या आहेत, म्हणजे जुन्या 7 राहिल्या आणि 4 नव्या आल्या. रुग्णांची संख्या मात्र 1678 वरून 3409 झाली. चाचण्या कमी आणि रुग्ण दुप्पट, हा बदल तळाची एकच चौकट पाहून कळत नाही. सुधारित आवृत्तीच्या डायग्राममध्ये जुन्या आवृत्तीतल्या अभ्यासांसाठी वेगळी चौकट असते. तिच्यापासून वाचायला सुरुवात करा आणि त्यातले किती टिकले ते शोधा.

घरी राहून उपचार घेणाऱ्या रुग्णांत आयव्हरमेक्टिनचा फायदा होत नाही, असा निष्कर्ष या आवृत्तीने काढला. एक वर्ष आधी ठरवता येत नाही असं जे उत्तर होतं, ते नव्या मोठ्या चाचण्यांमुळे बदललं.

मध्येच नियम बदलून सात चाचण्या काढल्या, ही सोयीची निवड नाही का?

आक्षेप रास्त आहे आणि तो घेतला गेलाही. नियम नंतर बदलणं हे सर्वसाधारणपणे धोक्याचं लक्षणच. अशा वेळी तीन गोष्टी पाहाव्या.

पहिली, बदल कबूल केला आहे का. कॉक्रेन रिव्ह्यूच्या शेवटी प्रोटोकॉल, म्हणजे आधी लिहिलेला आराखडा, आणि रिव्ह्यू यांतल्या फरकांचा स्वतंत्र भाग असतो. इतर जर्नलांतल्या रिव्ह्यूसाठी प्रॉस्पेरो या रिव्ह्यूंच्या रजिस्ट्रीतली नोंद उघडा आणि तिच्या जुन्या आवृत्त्या पाहा. दुसरी, नियम निकालाकडे न पाहता लावता येतो का. आगाऊ नोंदणी आहे की नाही हे तारखांवरून ठरतं, औषध जिंकलं की हरलं त्यावरून नाही. “दर्जा कमी वाटला” असा नियम असता तर प्रकरण वेगळं होतं. तिसरी, तोच नियम सर्वांना लावला का. यासाठी आत घेतलेल्या चाचण्यांतल्या दोन-चारांची नोंदणी स्वतः तपासा. बाहेर काढलेल्यांची तपासणी तर सगळेच करतात.

या तिन्हींत उत्तर समाधानकारक असेल तर नियम उशिरा आला म्हणून तो टाकून देऊ नये. तरीही, नियम आधीपासून असता तर जास्त बरं झालं असतं, हे म्हणायला जागा राहतेच.

आगाऊ नोंदणी कशी तपासायची?

पहिला रुग्ण दाखल होण्याआधी चाचणी रजिस्ट्रीत नोंदली असेल तर ती आगाऊ. लेखात नोंदणी क्रमांक दिलेला असतो, बहुधा सारांशाच्या तळाशी किंवा पद्धतीच्या भागात. भारतातल्या चाचण्यांसाठी सीटीआरआय, म्हणजे क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया, उघडा आणि क्रमांक टाका. नोंदीत सर्वात वर नोंदणीची तारीख आणि नोंदणी आगाऊ की मागाहून हे लिहिलेलं असतं. खाली पहिल्या रुग्णाच्या दाखल्याची तारीख असते. दोन्ही ताडून पाहा. 1 एप्रिल 2018 पासून सीटीआरआय फक्त आगाऊ नोंदणीच घेते, त्यामुळे त्यानंतरच्या भारतीय चाचणीचा क्रमांकच नसेल तर ते लक्षात घ्या. ClinicalTrials.gov वर `First Submitted` आणि `Study Start` या दोन तारखा ताडायच्या.

एक खाच: रजिस्ट्रीतली सुरुवातीची तारीख नंतर बदलता येते. लेखात रुग्ण कोणत्या महिन्यात दाखल केले ते दिलेलं असतं, तेही जुळवा.

वगळलेले नाहीत आणि घेतलेलेही नाहीत, असे अभ्यास कुठे जातात?

कॉक्रेनमध्ये त्यांना दोन खोके आहेत: चालू असलेले अभ्यास आणि वर्गीकरण बाकी असलेले अभ्यास. 2021 च्या आवृत्तीत वर्गीकरण बाकी असलेले 18 होते, 2022 मध्ये 28 झाले. वर्ष गेलं की असे अभ्यास निकाली निघून आकडा घटावा असं वाटतं. इथे तो वाढला. कारण पात्र वाटणाऱ्या, पण निकाल प्रसिद्ध न झालेल्या किंवा पद्धत आणि निकाल यांत मेळ नसलेल्या चाचण्या तिथे ठेवल्या होत्या, लेखकांकडून खुलासा येईपर्यंत. चालू चाचण्या 31 होत्या.

डायग्राममध्ये हा आकडा बारीक अक्षरात कडेला असतो. समाविष्ट 11 आणि लटकलेले 28 हे शेजारी ठेवून पाहिलं की त्या विषयातल्या संशोधनाची अवस्था कळते. बहुतेक बिगर-कॉक्रेन रिव्ह्यूंत हा खोकाच नसतो. असे अभ्यास एक तर सरळ आत जातात किंवा “माहिती अपुरी” म्हणून बाहेर.

तळाला 14 अभ्यास आहेत, मग मृत्यूच्या निकालात दोनच कसे?

समावेश झाला म्हणजे आकडेमोडीत आला असं नाही. 2021 च्या कॉक्रेन आवृत्तीत 14 चाचण्या होत्या, पण रुग्णालयातल्या रुग्णांच्या मृत्यूचा अंदाज दोनच चाचण्या आणि 185 रुग्णांवर उभा होता. गुणोत्तर 0.60 आणि त्याची मर्यादा 0.14 ते 2.51. म्हणजे मृत्यू बरेच कमी होण्यापासून दुपटीहून जास्त वाढण्यापर्यंत काहीही शक्य. बातमीत “14 अभ्यासांच्या आधारे” असं छापलं तर ते खोटं नसतं, पण वाचणाऱ्याची फसगत होते.

प्रिझ्माच्या जुन्या, 2009 च्या नमुन्यात तळाशी दोन चौकटी होत्या: गुणात्मक संश्लेषणातले अभ्यास आणि मेटा-अॅनालिसिसमधले, म्हणजे ज्यांचे आकडे एकत्र केले ते अभ्यास. नव्या नमुन्यात दुसरी चौकट नाही, कारण प्रत्येक परिणामासाठी आकडा वेगळा असतो. तो शोधायला फॉरेस्ट प्लॉटपर्यंत, म्हणजे एकेका चाचणीचा निकाल ओळीने दाखवणाऱ्या आलेखापर्यंत जावंच लागतं.

वगळलेल्या अभ्यासांची यादीच दिलेली नाही. आता?

आधी पुरवण्या पाहा. यादी बहुधा तिथल्या एखाद्या पीडीएफमध्ये असते. प्रिझ्मा 2020 च्या यादीतला 16ब हा मुद्दा नेमका हेच मागतो: पात्र वाटणारे पण वगळलेले अभ्यास संदर्भासह आणि कारणासह द्या. लेखासोबत भरलेली प्रिझ्मा तपासयादी असेल तर 16ब समोर कोणतं पान लिहिलं आहे ते बघा आणि त्या पानावर जा. पुष्कळदा तिथे फक्त डायग्राम असतो, यादी नसते.

कुठेच नसेल तर उलट्या बाजूने शोधा. त्या विषयातल्या तुम्हाला माहीत असलेल्या दोन-तीन मोठ्या चाचण्या समाविष्ट तक्त्यात आहेत का ते पाहा. नसतील तर लेखाच्या अटी एकेक लावून बघा. अटीत बसणारी चाचणी आत नसेल आणि बाहेरच्या यादीतही नसेल, तर पत्रव्यवहारासाठी दिलेल्या लेखकाला चाचणीचं नाव आणि नोंदणी क्रमांक देऊन विचारा. “अमुक क्रमांकाची चाचणी शोधात सापडली होती का, आणि सापडली असेल तर कोणत्या पायरीवर गळली?” एवढाच प्रश्न लिहा. मोघम विचारलं तर उत्तरही मोघम येतं.